पिन भाबा पास, चौघे जण, सगळं सामान पाठीवर: खाणं किती, मीठ किती, पाणी कसं?

भटकी_सावली

नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटी आम्ही चौघे पिन भाबा पास करणार आहोत. किन्नौरमधल्या काफनूहून चढायचं, मुलिंग, कारा, फुत्सिरंग असे मुक्काम करत साधारण ४९०० मीटरची खिंड ओलांडायची आणि स्पितीच्या बाजूला मुद गावात उतरायचं. खेचर नाही, स्वयंपाकी नाही. सहा दिवसांचं सगळं आमच्याच पाठीवर.

काल खाण्याची यादी करून वजन केलं तर माणशी दिवसाला ९०० ग्रॅम भरलं. चौघांचं मिळून २१ किलोच्या वर. यादीत दुधाचे खोके, ब्रेड, बटाटे, कांदे, तूरडाळ, तांदूळ, बिस्किटं, फरसाण, जॅमची बाटली असं सगळं आहे. माझे तीन प्रश्न आहेत. हे वजन कुठून कमी करू? मीठ-साखरेचं पाणी रोज प्यायचं का, आणि किती? आणि भाबा नदीचं पाणी वर थेट पिता येतं का? आमच्यातला एक म्हणतो की बर्फाचं पाणी आहे, त्याला काय होतंय.

---

दगडधोंडा

कांदे-बटाटे काफनूतच कोणाला तरी देऊन टाका. बाकी मॅगी झिंदाबाद.

---

सह्याद्रीचा_पाईक

उंचीवर पाणी हेच औषध. दिवसाला पाच लिटर प्यायलात तर डोकं दुखणार नाही, विरळ हवेचा त्रास होणार नाही. सोबत मिठाच्या गोळ्या ठेवा, तासाला एक. आणि ओढा वाहता असेल तर बिनधास्त प्या. वाहतं पाणी शुद्ध असतं. राजगडाच्या टाक्यातलं पाणी आम्ही वर्षानुवर्षं पितोय.

---

हिमकण

पाईकदादा, तुमच्या तिन्ही मुद्द्यांवर बोलायचं आहे, पण आधी सावलीच्या यादीकडे येतो. हिमाचलात गट घेऊन जाणं हेच माझं काम आहे.

९०० ग्रॅममधलं निम्मं वजन पाण्याचं आहे. दूध, ब्रेड, बटाटा, कांदा, जॅम, सगळ्यात पाणी. आणि पाणी तर वर ओढ्याला आहेच. कोरडं तेवढंच न्या. मी माणशी दिवसाचा हिशोब साधारण असा धरतो. सकाळी भाजलेल्या रव्याचा तयार उपमा, ८० ग्रॅम रवा आणि १५ ग्रॅम तूप. वाटेत खायला १०० ग्रॅम शेंगदाणा चिक्की, ५० ग्रॅम खारे शेंगदाणे, ६० ग्रॅम खजूर-अंजीर. रात्री १२० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मूगडाळ, वर २० ग्रॅम तूप. दिवसभराच्या चहा-दुधाला ४० ग्रॅम दूध पावडर आणि ४० ग्रॅम साखर. बेरीज ५७५ ग्रॅम होते आणि त्यातून सुमारे २५०० कॅलरी मिळतात. मीठ-मसाला धरून चौघांचं सहा दिवसांचं १४ किलो, म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर साडेतीन किलो. रोज ते हलकं होत जातं.

ओझं घेऊन सहा-सात तास चढलात तर खर्च यापेक्षा जास्त होतो, तीन हजार कॅलरींच्या बराच पुढे जातो. ती तूट अंगावरची चरबी भरून काढते. आठवडाभरासाठी निरोगी माणसाचं त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते चालताना पिठूळ-गोड खाणं थांबल्यावर. स्नायूंमधला साखरेचा साठा मर्यादित असतो. तो संपला की पाय जड होतात, थंडी वाजते, माणूस चिडचिड करतो किंवा एकदम गप्प होतो. त्यामुळे दुपारच्या जेवणाची वाट बघू नका. चालताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिठूळ-गोड पोटात जायला हवं. चार-पाच खजूर आणि चिक्कीचा एक बरा तुकडा, एवढंच ते असतं.

उंचीवर याला आणखी एक कारण आहे. तेवढ्याच प्राणवायूत शरीराला चरबीपेक्षा पिठूळ पदार्थातून थोडी जास्त शक्ती मिळते. शिवाय तेलकट-तुपकट पोटात जास्त वेळ पडून राहतं आणि वर मळमळ तशीही असते. म्हणून मी पदार्थांचा क्रम लावतो. डिंकाचे लाडू, शेंगदाणे, तूप यांचा मोठा वाटा मुलिंग-काराला आणि मग खिंड उतरल्यावर. फुत्सिरंगची रात्र आणि खिंडीचा दिवस मऊ भात, रव्याची पेज, गूळ, खजूर यांवर.

---

अन्नपूर्णा_डोंबिवली

हिमकण, यादी चांगली आहे, पण रोज सकाळी उपमा दिला तर चौथ्या दिवशी पोरं डबा ढकलून देतील. भूक आधीच कमी, त्यात तीच चव! दोन दिवस उपमा, दोन दिवस पोहे, दोन दिवस तिखटमिठाची सांज्याची पेज असं करा.

सावली, कोरडा उपमा असा कर. रवा मंद आचेवर खमंग भाजायचा आणि बाजूला ठेवायचा. तुपात मोहरी, जिरं, उडदाची डाळ, हिंग, वाळवलेला कढीपत्ता आणि सुकी लाल मिरची घालायची. ओली मिरची आणि आलं नको, ओलाव्याने सगळं वास मारतं. आल्यासाठी सुंठ घाल. फोडणीत रवा, मीठ, साखर घालून पुन्हा परतायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरायचं. गरम भरलास तर आत घाम धरतो. चौघांच्या एका वेळेची एक पिशवी कर, त्यावर किती पाणी लागेल ते लिही. वर थंडीत मोजमाप करायला कोणी बसत नाही.

सुकं खोबरं आणि तळलेले शेंगदाणे एका पिशवीत ठेवू नकोस, खवट वास लागतो. चिक्की घरीच सुपारीएवढ्या तुकड्यांत फोडून ने. थंडीत ती दगड होते.

आणि गूळपोळी! संक्रांतीलाच करायची असा काही नियम नाही. तिळाचं कूट घातलेली, नीट भाजलेली गूळपोळी आठवडाभर सहज टिकते. खिंडीच्या दिवशी पहाटे स्टोव्ह न पेटवता खाता येते.

---

शांत_पाणवठा

मला जरा वेगळं विचारायचं आहे. मी आषाढी-कार्तिकी आणि श्रावणी सोमवार धरतो. आमचा कळसूबाईचा बेत नेमका सोमवारी आहे. उपवासाचं काय न्यावं? साबुदाणा भिजवून नेला तर चालेल का?

---

अन्नपूर्णा_डोंबिवली

पाणवठा, कळसूबाई एका दिवसाचा, त्यामुळे चालेल, पण भिजवलेला साबुदाणा पावसाळी हवेत दुपारपर्यंत आंबतो. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि केळी न्या. मीठ चालत असेल तर बटाट्याचा सुका चिवडा. निर्जळी उपवास असेल तर मात्र डोंगर दुसऱ्या दिवशी चढा.

---

दगडधोंडा

अन्नपूर्णाताई, तुमच्या गूळपोळीपायी मी पिन भाबाला यायला तयार आहे. ओझं उचलेन.

---

ठोके_मोजणारी

मी डॉक्टर आहे आणि डोंगरात फिरतेही. पाईक यांच्या पाच लिटर पाण्याबद्दल आणि मिठाच्या गोळ्यांबद्दल लिहिते.

पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, आणि विरळ हवेच्या त्रासातही डोकंच दुखतं. पाणी प्यायल्यावर पहिल्या प्रकारची डोकेदुखी थांबते, म्हणून लोकांना वाटतं की पाण्याने उंचीचा त्रास टळतो. तो टळत नाही. तो टळतो हळूहळू उंची गाठल्याने. पाणी पुरेसं हवं, पण आकडा ठरवून ढोसायचं नाही. तहान लागेल तसं प्या आणि लघवीचा रंग बघा. फिका पिवळसर असेल तर ठीक. गडद आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय. अगदी पाण्यासारखी आणि सारखी होत असेल तर जास्त होतंय. उंचीसाठी डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर लघवी तशीही वाढते, तेव्हा फक्त रंगावर विसंबू नका.

जास्त पाण्याचा धोका खरा आहे. सह्याद्रीत ऑक्टोबरच्या उन्हात आमच्या गटातल्या एका मुलाने सकाळपासून नुसतं साधं पाणी बाटलीमागून बाटली प्यायलं. मळमळतं म्हणून खाल्लं काहीच नाही. दुपारी डोकं दुखायला लागलं, उलटी झाली. सगळे म्हणाले ऊन लागलं, अजून पाणी द्या. मी त्याचे हात बघितले. बोटं सुजलेली, अंगठी रुतलेली, आणि लघवी दर अर्ध्या तासाला, स्वच्छ पाण्यासारखी. पाणी कमी पडलेल्या माणसाचं असं नसतं. रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. पाणी बंद केलं, सावलीत बसवलं, घट्ट खारट सूप थोडं थोडं दिलं आणि खारे शेंगदाणे चघळायला लावले. तो पूर्ण शुद्धीत होता म्हणून हे तिथे करता आलं. बरळायला लागला असता तर तोंडाने काहीही न देता थेट रुग्णालय गाठावं लागलं असतं.

आता मीठ किती? एक लिटर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, सपाट अर्धा चमचा. पण यात माणसामाणसांत खूप फरक असतो. टोपीवर, शर्टवर पांढरे डाग उमटतात त्यांचं जास्त जातं. काफनू ते मुलिंग दमट हवेत, ओझ्यासह चढताना भरपूर घाम येईल. तिथे दिवसातून एखादा लिटर मीठ-साखरेचं पाणी आणि रात्री खारट आमटी पुरेशी आहे. वर थंडीत घाम कमी, तिथे जेवणातलं मीठच पुरतं. तासाला एक गोळी कोणालाच नको. रिकाम्या पोटी मिठाची गोळी घेतली तर उलटीच होते.

घरी करायचं असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाब झाले तर मात्र ओआरएसचं पाकीटच वापरा. पाकिटावर किती पाण्यासाठी आहे ते वाचा, एक लिटरची असतात तशी २०० मिलिलीटरचीही असतात. अर्धं पाकीट अंदाजाने बाटलीत टाकू नका.

---

सह्याद्रीचा_पाईक

डॉक्टर, सूज आणि अंगठीची खूण लक्षात ठेवली. गोळ्यांचा मुद्दा मी मागे घेतो. पण वर डोकं दुखतंय तर ते पाण्याने की उंचीने, हे तंबूत कसं ओळखायचं?

---

ठोके_मोजणारी

ओळखू येईपर्यंत उंचीचंच समजायचं. अर्धा-पाऊण लिटर पाणी, थोडं खाणं आणि तासभर विश्रांती द्या. तेवढ्याने पूर्ण थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. आणि माणूस सरळ रेषेत चालू शकत नसेल, असंबद्ध बोलत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर मीठ-पाण्याची चर्चा करत बसू नका. रात्र असली तरी खाली उतरवा.

---

तांबडी_माती

माझा रक्तदाब जास्त आहे, गोळी चालू आहे. मी काय करू? घरी मीठ कमी खातो. महिन्यात चंद्रतालच्या बाजूला जायचं आहे.

---

ठोके_मोजणारी

माती, गोळी कोणती आहे त्यावर उत्तर बदलतं. काही गोळ्या लघवी वाढवून मीठ बाहेर काढतात. त्यात चालणं, घाम आणि उंचीची गोळी यांची भर पडली तर चक्कर येऊ शकते. इथे विचारून ठरवू नका. तुमच्या डॉक्टरांना मार्ग, उंची आणि रोजचे चालण्याचे तास लिहून दाखवा.

---

हिमकण

आता पाण्याकडे. पाईकदादा, वाहतं पाणी शुद्ध हे तिथे चालत नाही. काराच्या कुरणात उन्हाळाभर गद्दी लोकांची शेकडो मेंढरं-बकऱ्या चरतात. लेंड्या पावसाने ओढ्यातच येतात. त्यात गेल्या मुक्कामाच्या गटांनी संडास कुठे केला ते आपल्याला कळत नाही. जिआर्डियासारख्या जंतूंच्या पुटी, म्हणजे कवचात बंद झालेले जंतू, थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. बर्फाच्या पाण्याने ते मरत नाहीत, उलट चांगले टिकतात. आणि सावली, तुमच्या मित्राला काही झालं नाही असं वाटेल, कारण हा त्रास बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांनी, घरी परतल्यावर सुरू होतो. कुजक्या अंड्यासारखे ढेकर, पोट फुगणं, तेलकट जुलाब. तोपर्यंत कोणी ओढ्याशी संबंध लावत नाही.

सगळं पाणी उकळून प्यायचं म्हटलं तर इंधनाचं गणित बसत नाही. चौघांना रोज १६ लिटर धरा. बर्फाळ पाणी, वारा, छोटा स्टोव्ह असेल तर लिटरला १५ ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. म्हणजे २३० ग्रॅमचं एक अख्खं सिलिंडर रोज फक्त पिण्याच्या पाण्यावर. म्हणून मी चहा-सूप-जेवणाचं तेवढं उकळतो आणि बाकीचं पोकळ तंतूंच्या गाळणीतून काढून वर क्लोरीनची गोळी टाकतो. दोन्ही कशाला, तर गाळणी जिवाणू आणि पुटी अडवते पण विषाणू तिच्यातून जातात, आणि क्लोरीन विषाणू मारतं पण काही पुटींवर त्याचा नीट परिणाम होत नाही.

यात लोक दोन ठिकाणी फसतात. गोळीवर अर्धा तास लिहिलेला असतो, तो कोमट पाण्याचा. चार-पाच अंश तापमानाच्या पाण्यात दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ द्या. मी रात्रीच टाकून बाटली झोपण्याच्या पिशवीत घेतो. आणि लिंबू सरबताची पावडर वेळ पूर्ण झाल्यावरच घाला. त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन निकामी करतं. आधी घातलीत तर पाणी चवीला छान लागेल, पण शुद्ध झालेलं नसेल.

---

रॉकीजकाकू

मी कोलोरॅडोत राहते, इकडे आम्ही हेच झेलतो. हिमकण यांच्या मुद्द्यात भर घालते. गाळणी रात्री गोठू देऊ नका. तंतूंमधलं पाणी गोठून फुगतं आणि बारीक भेगा पडतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी तसंच स्वच्छ येतं. झटकून कोरडी करून, पिशवीत गुंडाळून अंगाजवळ घेऊन झोपायचं. एकदा गोठली अशी शंका आली की टाकून द्यायची आणि उरलेले दिवस उकळून प्यायचं.

उकळण्याबद्दल एक विचारते. आमच्याकडे सांगतात की २००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळ उकळा. हिमकण, तुम्ही तीन मिनिटं उकळता का?

---

हिमकण

नाही काकू. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो, म्हणजे फुत्सिरंगला पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं. जंतू ७० च्या आधीच मरायला लागतात आणि तिथून उकळीपर्यंत जायलाच काही मिनिटं लागतात. मी खळखळ आली की एक मिनिट ठेवून झाकतो.

---

ठोके_मोजणारी

मी तीन मिनिटं सांगेन. थकलेल्या माणसाला भांड्याच्या कडेचे बुडबुडे आणि खरी खळखळ यातला फरक अंधारात कळत नाही. वाढीव दोन मिनिटं त्यासाठी आहेत. गॅस लागेल तेवढा लागू दे.

---

हिमकण

आमच्या दोघांचं यावर एकमत होणार नाही असं दिसतंय. आजारी माणसासाठी मात्र मीही तीन मिनिटं उकळतो.

---

अन्नपूर्णा_डोंबिवली

पाणी ८६ अंशांना उकळत असेल तर तूरडाळ शिजणार कशी? सावलीच्या यादीत तूरडाळ आहे.

---

हिमकण

नाही शिजत. दोन तासांनी दाताखाली करकरते आणि निम्मं सिलिंडर संपलेलं असतं. मूगडाळ भाजून भरड काढा किंवा मसूर दुपारपासून बाटलीत भिजत ठेवा. भिजवायलाही शुद्ध केलेलंच पाणी घ्या. तांदूळ घरी शिजवून, पसरून, कडकडीत वाळवून नेला तर उकळत्या पाण्यात झाकून ठेवल्यावर थोड्या वेळात मऊ होतो. चौघे असाल तर दोन लिटरचा छोटा कुकर न्यावा असं माझं मत आहे. किलोभर वजन वाढतं, पण गॅस वाचतो आणि भात पोटात दुखत नाही.

---

रॉकीजकाकू

मी कुकर नेणार नाही. वाळवलेला भात आणि भाजलेली भरड असेल तर कुकर करणार काय? त्या एका किलोत जवळजवळ दोन दिवसांचं एकाचं खाणं येतं.

---

हरिश्चंद्राचा_वारा

गाडी हिमालयातच फिरतेय म्हणून विचारतो. हिमकण, गडांवरच्या टाक्यांसाठीही हीच गाळणी आणि गोळी का? रतनगड ते हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा बेत आहे, डिसेंबरात.

---

हिमकण

हो, आणि तिथे काळजी जास्तच घ्या, कारण टाक्यातलं पाणी वाहत नाही. हिरवट असेल तर आधी सुती फडक्याच्या चार पदरांतून गाळा. गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीवरच खर्च होतं. उकळायला तिथे सोपं जातं, उंची फार नाही. गाडीतून बाहेर पडण्याआधी भरलेलं पाणी पहिल्या दिवसाला पुरवा.

---

भटकी_सावली

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी पुन्हा केली. माणशी ५९० ग्रॅमवर आली आहे. तूरडाळ, बटाटे, कांदे, दूध, ब्रेड गेले. मूगडाळीची भरड, वाळवलेला भात, तीन प्रकारची न्याहारी आली. खिंडीच्या दिवसाला माणशी चार गूळपोळ्या. कुकर नको असं ठरलंय, कारण भात वाळवूनच नेतोय. एक जादा रात्र अडकलो तर चौघांना पुरेल एवढी पेज आणि साखर वेगळ्या पिशवीत, लाल दोरा बांधून.

पाण्यासाठी दोन गाळण्या आणि गोळ्या. सिलिंडर विमानातून किंवा रेल्वेतून नेता येत नाहीत, म्हणून शिमल्याच्या दुकानात फोन करून सांगून ठेवतेय. हिमकण, एक राहिलं. पासच्या पलीकडे पिन नदीचं पाणी राखाडी, गाळाचं असतं म्हणतात. गाळणी तुंबणार नाही का?

---

हिमकण

तुंबणार. मुख्य नदीत बाटली बुडवू नका. बाजूच्या उतारावरून येणारे स्वच्छ झरे बघा, दुपारपेक्षा सकाळी त्यांत गाळ कमी असतो, कारण बर्फ तेव्हा कमी वितळतो. नदीचंच घ्यावं लागलं तर संध्याकाळी भांड्यात भरून चिमूटभर तुरटी फिरवा आणि रात्रभर स्थिर ठेवा. भांडं तंबूच्या आत ठेवा, नाहीतर सकाळी वर बर्फाची साय असेल. वरचं निवळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्या आणि मग गाळणी. रोज रात्री गाळणी उलट बाजूने स्वच्छ पाण्याने धुवा. त्यासाठीची पिचकारी पाकिटात असते, तीच बरेच जण घरी विसरतात.

---

अन्नपूर्णा_डोंबिवली

सावली, माणशी चार गूळपोळ्या म्हणजे सोळा. दोन पोळ्यांच्या मध्ये लोणीकागद घाल, नाहीतर एकमेकींना चिकटून लगदा होईल. कणकेत थोडं बेसन आणि मोहन जास्त घाल, खुसखुशीत होतात. माप हवं असेल तर सांग, लिहून देते.

---

दगडधोंडा

माप हवंय, ताई. मलाही.